उंची कुठे गेली, आणि ऑपरेशननंतर किती परत येते

*माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, नववीत. उन्हाळ्यात कुर्ता शिवायला टाकला तेव्हा शिंपीणबाई म्हणाल्या, एक खांदा वर आहे. एक्स-रे काढला तर कण्याचा बाक ५८ अंश निघाला. रिपोर्टवर ‘रिसर ४’ असंही लिहिलंय. पाळी सुरू होऊन वीस महिने झालेत. डॉक्टर म्हणतात दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करू, छातीच्या चौथ्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंत रॉड बसेल. सासूबाई आणि शेजारच्या काकूंचं म्हणणं, रॉड घातला की वाढ खुंटते, अठरा होईपर्यंत वाढू दे पोरीला. गेल्या वर्षी ती १५२ सेंटीमीटर होती, आता १५१.५ भरते. थांबलो तर उंची वाढेल का? आणि ऑपरेशनने नक्की किती वाढते?*
*– एक आई, कोथरूड*

ताई,

आधी त्या अर्ध्या सेंटीमीटरकडे बघू. गेल्या वर्षीचं माप कुठे घेतलं होतं, शाळेत सकाळी? आणि आत्ताचं दवाखान्यात संध्याकाळी? आपण सगळेच सकाळी उठतो तेव्हा उंच असतो आणि रात्रीपर्यंत एखाद सेंटीमीटरने, कधी त्याहूनही जास्त, खाली येतो. मणक्यांमधल्या चकत्या रात्री पाणी शोषून फुगतात आणि दिवसभर शरीराचं वजन झेलून दबतात. त्यातली बरीचशी घट तर उठल्यावर पहिल्या तास-दोन तासांतच होते. त्यामुळे अर्ध्या सेंटीमीटरच्या फरकावरून काहीच ठरवता येत नाही.

पण वर्षभरात उंची वाढलीच नाही, हे मात्र खरं दिसतंय, आणि त्याचं कारण वाढ थांबली हे नाही. तिच्या वेणीची रिबीन घ्या आणि टेबलावर सरळ ठेवून दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा. आता तीच रिबीन नागमोडी ठेवून परत मोजा. रिबीन तेवढीच आहे, टोकं मात्र जवळ आली. तुमच्या मुलीचे मणके वर्षभर वाढतच होते. ती वाढ उंचीत न दिसता बाकात गेली. बाक एका जागी पडला की डोकं कमरेच्या बरोबर वर राहावं म्हणून शरीर त्याच्या वर आणि खाली उलट दिशेचे छोटे बाक तयार करतं. त्यांच्यातही थोडी थोडी उंची जाते. शिवाय मणके नुसते बाजूला झुकत नाहीत, स्वतःभोवती पिळतातही. पाठीवर एका बाजूला बरगड्यांचा जो उंचवटा दिसतो, तो त्या पिळामुळे.

बाकात किती उंची गेली, याचा अंदाज काढायचं एक जुनं सूत्र आहे. स्वीडनमधल्या ब्युरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ते मांडलं, आणि तेही उंचीच्या हौसेपायी नाही. फुप्फुसांची क्षमता तपासताना या रुग्णांची खरी उंची किती धरायची, हा त्यांचा प्रश्न होता. सूत्र असं:

log y = 0.011x − 0.177

यात x म्हणजे मुख्य बाकाचा कोन अंशांत, आणि y म्हणजे धडाची गेलेली उंची सेंटीमीटरमध्ये. तुमच्या मुलीचे ५८ अंश घातले की उत्तर येतं जवळजवळ २.९ सेंटीमीटर. म्हणजे कणा सरळ असता तर ती आज १५४ च्या थोडी वर भरली असती. सूत्र अनेक रुग्णांच्या मापांवरून बांधलेलं आहे, एकेका मुलीत अर्धा-एक सेंटीमीटर इकडेतिकडे होणारच. पण त्यातून एक गोष्ट समजते, ती महत्त्वाची आहे. बाक ३० अंशांवरून ४० वर गेला तर या सूत्राने जेमतेम चार मिलिमीटर उंची जाते. ७० वरून ८० वर गेला तर एक सेंटीमीटरहून जास्त. अंश तेवढेच दहा, पण बाक जितका मोठा तितका पुढचा प्रत्येक अंश महाग पडतो.

सूत्रावर विसंबायचं नसेल तर घरी एक माप घेऊन बघा. आपल्याकडे विहिरीची खोली वावांत सांगायचे. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. माणसाची उंची आणि त्याची वाव साधारण सारखीच असते, आणि कणा वाकला म्हणून हातांची हाडं आखूड होत नाहीत. मुलीला भिंतीला पाठ लावून उभी करा, हात खांद्याच्या रेषेत पूर्ण ताणायला सांगा, दोन्ही मधल्या बोटांच्या टोकांशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि मग ती बाजूला झाली की खुणांमधलं अंतर मोजा. शिंप्याची टेप १५० लाच संपते, म्हणून सुताराची स्टीलची टेप घ्या. तिची वाव १५५-१५६ च्या आसपास भरली, तर सूत्र आणि हात दोन्ही एकच सांगताहेत असं समजा.

वाव त्याहून बरीच जास्त निघाली, म्हणजे समजा १६२ किंवा १६५, तर मात्र ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. मार्फन नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. त्यात हातपाय लांब असतात, कणा वाकू शकतो आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी रुंदावू शकते. भूल देण्याआधी ते कळलेलं बरं, आणि हृदयाच्या सोनोग्राफीत ते दिसतं. घाबरून जाऊ नका, कारण वाकलेल्या कण्यामुळे उंची कमी भरते आणि तेवढ्याने वाव आपोआप मोठी वाटते. या विकाराच्या निकषांमध्येही वाव आणि उंचीचं गुणोत्तर धरताना कणा फार वाकलेला नसावा, अशी अट घातलेली आहे. बोटं फारच लांब-सडपातळ, चष्म्याचा नंबर मोठा, घरात कुणाला हृदयाचा त्रास, असं काही जोडीला असेल तर तपासणी हवीच.

वावेचा आकडा कागदावर लिहून जवळ ठेवा. ऑपरेशनआधी तिला नळीत फुंकर मारायला लावून फुप्फुसांची चाचणी करतील. तिथल्या यंत्रात वय आणि उंची भरतात, आणि त्यावरून तिच्याकडून किती हवा अपेक्षित आहे ते यंत्र ठरवतं. उंची १५१.५ भरली की अपेक्षाच कमी धरली जाते, मग टक्के चांगले दिसतात आणि फुप्फुसं आहेत त्यापेक्षा बरी वाटतात. तंत्रज्ञाला सांगा, उंचीऐवजी वाव भरा. घाईगर्दीत हे राहून गेलेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि मग मला चाचणी परत करून घ्यावी लागली आहे.

आता सासूबाईंच्या मुद्द्यावर येतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रॉड आणि स्क्रू बसवून जेवढे मणके एकमेकांना जोडले जातात, तेवढ्यांची उंचीतली वाढ तिथेच थांबते, हे खरंच आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत काकूंचं म्हणणं मीही उचलून धरलं असतं. त्या वयात छातीचा कणा जोडून टाकला तर छातीचा पिंजरा लहान राहतो आणि फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. त्यांच्यासाठी लांबवता येणारे रॉड असतात, प्लास्टर असतं, ब्रेस असतो, काहीही करून वेळ काढतात. काकूंनी अशा एखाद्या लहान मुलाबद्दल ऐकलं असणार.

तुमच्या मुलीचं तसं नाही, आणि हे रिपोर्टवरच्या ‘रिसर ४’ या दोन शब्दांत आहे. कमरेच्या रुंद हाडाच्या वरच्या काठावर वाढीच्या वयात कूर्चेची एक पट्टी असते. ती बाहेरच्या बाजूने आतल्या बाजूकडे हळूहळू हाडाची होत जाते. एक्स-रेत ती किती पुढे सरकली, यावरून ० ते ५ असा आकडा देतात. ० म्हणजे सुरुवातच नाही, ५ म्हणजे पट्टी हाडाला चिकटून गेली, वाढ संपली. ४ म्हणजे पट्टी काठभर पोचली आहे, फक्त चिकटायची बाकी आहे. त्यातच पाळीला वीस महिने झालेले. मुलींची उंचीची मोठी उसळी पाळी सुरू व्हायच्या आधीच येऊन जाते, आणि नंतर दोनेक वर्षांत वाढ जवळपास आटपते. तुमच्या मुलीची सगळी मिळून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर वाढ उरली असेल.

त्यातली रॉडमुळे किती बुडेल? छातीचे चौथ्यापासून बाराव्यापर्यंतचे नऊ आणि कमरेचा एक, असे दहा मणके जोडले जाणार. हिशेबासाठी एक मणका वर्षाला ०.०७ सेंटीमीटर वाढतो असं धरतात. वाढीचं एक वर्ष उरलंय असं धरलं, तर १० × ०.०७ × १, म्हणजे ०.७ सेंटीमीटर. नखाच्या रुंदीपेक्षाही कमी. मान, वरची छाती आणि कमरेखालचे मणके मोकळेच राहतात, पायांची असेल नसेल ती वाढ होतेच.

आता थांबण्याचा हिशेब करा. छातीचा बाक ५० अंशांच्या पुढे गेला की वाढ संपल्यावरही तो स्वस्थ बसत नाही, साधारणपणे वर्षाला अंशभर वाढत राहतो. वाढ उरलेली असेल तोवर वेग त्याहून जास्त असतो. अठरापर्यंत तो ६६ वर गेला असं धरू, हे काही फार वाईट धरलेलं नाही. ब्युरेंच्या सूत्राने ६६ अंशांना साडेतीन सेंटीमीटर उंची जाते. आज २.९ गेलेली आहे, म्हणजे आणखी ०.६ च्या वर जाणार. ज्या ०.७ साठी थांबायचं, ती जवळजवळ सगळी बाकच खाऊन टाकणार. उंचीच्या दृष्टीने हाती काही लागत नाही. त्यातली काही उंची पुढे ऑपरेशनने परत येईल, पण चार वर्षांत बाक ताठर होतो. ताठर बाक कमी सुटतो आणि कधीकधी कमरेचे आणखी एक-दोन मणके जोडावे लागतात. कमरेचा एकेक मोकळा मणका खाली वाकायला, मांडी घालून बसायला लागतो. तो घालवून मिलिमीटर कमावण्यात शहाणपण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनने किती उंची येते, हे बाक किती सुटतो यावर आहे. तुमच्याकडच्या एक्स-रेंमध्ये एक असा असेल, ज्यात तिला झोपवून बाकाच्या उलट बाजूला वाकवलंय. त्यावरचा कोन विचारा. उभं राहून ५८ आणि वाकवल्यावर ३०-३५ असेल तर बाक लवचिक आहे, आणि ऑपरेशननंतर तो २०-२२ अंशांवर येणं अपेक्षित धरता येतं. २२ अंशांना सूत्राने १.२ सेंटीमीटर उंची अडकलेली राहते. २.९ मधून १.२ वजा केले की १.७ परत मिळते. प्रत्यक्षात टेपवर साधारण दोन ते तीन सेंटीमीटर भरते, कारण ऑपरेशनमध्ये वरखालचे उलटे बाकही बरेच सुटतात आणि दबलेल्या चकत्यांच्या फटी थोड्या उघडतात. फार मोठ्या बाकात पाच-सहा सेंटीमीटरही वाढलेले पाहिलेत, पण ते ८०-९० अंशांचे बाक. तुमच्या मुलीच्या बाबतीत मी दोनच धरेन. जास्त आली तर आनंदच आहे.

‘मग कणा पूर्ण सरळ का नाही करत?’ हे बहुतेक आई-बाबा विचारतात. ऑपरेशन कसं होतं ते पाहिलं की याचं उत्तर मिळतं. मुलीला पालथं झोपवतात. मणक्याच्या मागच्या बाजूला दोन आखूड हाडांचे खांब असतात, त्यांतून पुढच्या भागात स्क्रू घालतात. हवा तेवढा बाक देऊन वळवलेला रॉड त्या स्क्रूंच्या डोक्यांत बसवतात आणि मणके हळूहळू रॉडकडे ओढून घेत, पीळ उलटा सोडवत आणतात. शेवटी मणक्यांचे पृष्ठभाग खरवडून त्यांच्यावर हाडाचे तुकडे पसरतात, म्हणजे पुढच्या काही महिन्यांत तो सगळा भाग एकसंध हाड होऊन जातो. हे सगळं चालू असताना डोक्याला आणि हातापायांना तारा लावलेल्या असतात. मेंदूतून पायापर्यंत संदेश पोचतोय की नाही, हे एक माणूस पडद्यावर बघत बसलेला असतो. कण्याच्या आतल्या नळीत मज्जारज्जू आहे, आणि त्याला ताण सहन होत नाही. पडद्यावरच्या लाटा खुज्या व्हायला लागल्या की सर्जन थांबतो, रक्तदाब वाढवायला सांगतो आणि गरज पडली तर दिलेलं वळण सैल करतो. या वयात, या प्रकारच्या बाकात मज्जारज्जूला इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. ते कमी राहतं, कारण शेवटच्या पाच-दहा अंशांचा हव्यास कुणी धरत नाही.

असा हव्यास एकेकाळी धरून झालाय. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पॉल हॅरिंग्टन यांचा रॉड आला. त्याने वर आणि खाली हूक अडकवून जॅकसारखा कणा ताणायचे. बाक सुटायचा, उंची यायची, पण जिथे कमरेपर्यंत रॉड जाई तिथे कमरेचा नैसर्गिक खळगा सपाट होऊन जाई. असे काही रुग्ण पुढे चाळिशी-पन्नाशीत पुढे झुकून चालायला लागले, उभं राहिलं की पाठ भरून यायला लागली. समोरून कमावलेली उंची बाजूने गेली. म्हणून आता सर्जन कण्याची मागच्या-पुढच्या दिशेची वळणंही जपतो. कण्याच्या अशा बाकात छातीची मागची गोलाई बहुधा सपाट झालेली असते. ती परत आणताना उंचीतले काही मिलिमीटर सोडावे लागतात, आणि ते सोडावेतच. डोकं कमरेच्या मधोमध वर, खांदे एका रेषेत, हे साधलं की ऑपरेशन चांगलं झालं. सर्जनला भेटाल तेव्हा ‘उंची किती वाढेल’ याच्या आधी ‘खालचा शेवटचा स्क्रू कुठे, आणि तिथेच का’ हे विचारा.

लटकण्याच्या व्यायामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. बारला लटकल्यावर चकत्या जरा सुटतात, खाली उतरून तासाभरात पुन्हा दबतात. ५८ अंशांचा बाक त्याने सुटत नाही. ब्रेसचाही काळ आता गेला. ब्रेस २५ ते ४० अंशांच्या बाकाला आणि वाढ बरीच उरलेली असताना बांधतात, आणि तोही बाक आहे तिथे थोपवण्यासाठी.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी आठ वाजता, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, नजर समोर ठेवून तिची उंची घ्या. डोक्यावर जाडजूड पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण करायची, तीनदा मोजायचं आणि मधला आकडा लिहायचा. त्याच वेळी तिला स्टुलावर ताठ बसवून स्टुलापासून डोक्यापर्यंतचंही माप घ्या. नंतर दीड-दोन महिन्यांनी, दुखणं कमी होऊन ती मोकळेपणाने उभी राहायला लागली की त्याच भिंतीशी, त्याच वेळी परत मोजा. वाढलेले सगळे सेंटीमीटर बसलेल्या मापात दिसतील, पायांचं माप होतं तेवढंच राहील. पहिल्या आठवड्यात मोजू नका, तेव्हा ती दुखऱ्या पाठीने आखडून उभी असते आणि आकडा उगाच कमी येतो. शाळेत आत्ताच कळवून ठेवा, कारण दिवाळीची सुट्टी पुरणार नाही. चार ते सहा आठवडे तरी धरा.

आणि कुर्ते दिवाळीच्या आधी शिवू नका. सलवार आहे त्याच मापाची चालेल. कुर्ता मात्र वर जाईल, आणि खांदे सारखे झाले की उंच खांद्यासाठी शिंपीणबाईंनी एका बाजूला दिलेली ती जास्तीची सूटही काढावी लागेल.